आलेखाचा गुडघा 8 ऐवजी 5.8 वर का आला?

प्रश्न : सर, मी नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकते. सोडियम लॉरिल सल्फेटचं द्रावण पाण्यात थोडं थोडं घालत वाहकता मोजली. पुस्तकात सीएमसी, म्हणजे ज्या संहतीपासून रेणूंचे गठ्ठे, मिसेल, बनू लागतात ती, 8.2 मिलीमोलर दिली आहे, माझी 5.8 आली, आणि जिथे रेषेचा चढ बदलतो तो आलेखाचा कोपराही टोकदार न येता गोल आला. मॅडम म्हणाल्या, पुन्हा कर. पुन्हा केलं, तेच आलं. चूक कुठे आहे? आणि मुळात 8 पर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम मिसेल कसे तयार होतात, हे मला पटलेलं नाही.

उत्तर :

दोनदा करून तेच आलं, म्हणजे हाताची चूक नाही. पाठवलेले आकडे मी कागदावर मांडून पाहिले. ते चांगले आहेत आणि तुझ्या बाटलीत काय आहे तेही सांगतात. पण ते वाचण्याआधी तुझा दुसरा प्रश्न सोडवावा लागेल, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

या रेणूला एक लांब शेपटी आहे, बारा कार्बनची, डिझेलमध्ये किंवा मेणात असते तसलीच. दुसऱ्या टोकाला सल्फेटचं डोकं, त्यावर ऋण प्रभार, आणि सोबतीला एक सोडियम आयन, जो पाण्यात मोकळा फिरतो. डोकं पाणीप्रेमी आहे हे समजायला सोपं आहे. प्रभाराभोवती पाण्याचे रेणू आपापली धन बाजू वळवून गोळा होतात आणि त्यात ऊर्जेचा मोठा फायदा असतो. शेपटीबद्दल मात्र शाळेपासून एक गैरसमज चालत आला आहे, की तिचं पाण्याशी वैर आहे. तसं वैर काही नाही. शेपटी आणि पाणी यांच्यात थोडंफार आकर्षणच असतं. खरी गोष्ट अशी की पाण्याच्या रेणूंचं एकमेकांशी फार घट्ट नातं आहे, हायड्रोजन बंधांचं. मधे बारा कार्बनची काडी आली, तर तिच्या कडेच्या पाण्याला तिच्याशी बंध जोडता येत नाही. आपले बंध टिकवायला त्या पाण्याला ठराविक दिशांनाच तोंड करून राहावं लागतं. सामान्य तापमानाला बंध फारसे तुटत नाहीत, पण पाण्याचं मोकळेपण जातं. रसायनशास्त्राच्या भाषेत, एन्ट्रॉपी कमी होते. शेपट्या एकमेकींना चिकटून पाण्यापासून आडोशाला गेल्या की कडेचं पाणी मोकळं होतं. म्हणून मी वर्गात 'जलविरोधी' न म्हणता 'पाणीटाळू' म्हणायचो, आणि टाळणं मुख्यतः पाण्याकडून आहे हेही लगेच सांगायचो.

मग सगळ्या शेपट्या पहिल्या थेंबापासूनच का एकत्र येत नाहीत? कारण एकत्र येण्याची किंमत मोजावी लागते. एक म्हणजे डोकी. सगळी ऋण, सगळी एकमेकांना ढकलणारी. दुसरं म्हणजे, विरळ द्रावणात प्रत्येक रेणूला फिरायला भरपूर जागा असते आणि गठ्ठ्यात सामील झाला की ते स्वातंत्र्य जातं. आता दोनच रेणू एकमेकांजवळ आले असं समज. दोन्ही शेपट्यांची एक एक बाजू झाकली गेली, बाकी सगळी पाण्यातच उघडी. फायदा नाममात्र, आणि डोक्यांचं ढकलणं मात्र पूर्ण. तिघे आले, चौघे आले, तरी तेच. शेपट्यांना खराखुरा आडोसा मिळायला पन्नास-साठ रेणू लागतात, मधे पूर्ण तेलकट गाभा आणि बाहेर डोक्यांचं कवच. अर्धवट गठ्ठा कोणालाच परवडत नाही. म्हणून द्रावणात एक तर सुटे रेणू असतात, नाही तर पूर्ण मिसेल. मधल्या आकाराचे गठ्ठे फारच थोडे.

पहिल्या थेंबांपासून 8 पर्यंत काहीच होत नाही, असं मात्र समजू नकोस. सुटा रेणू शेपटी लपवायला आधी पृष्ठभाग गाठतो, डोकं पाण्यात आणि शेपटी हवेत. म्हणून सीएमसीच्या खूप खालीही फेस येतो आणि पाण्याचा पृष्ठताण उतरत जातो. पृष्ठभाग गच्च भरला, तरी पाण्यातल्या सुट्या रेणूंची गर्दी वाढतच राहते, आणि ती ठराविक पातळीला पोचली की मिसेल परवडू लागतात.

'एकदम' का, हे साध्या गुणाकारातून दिसतं. साठ सुटे रेणू मिळून एक मिसेल होतो असं समीकरण लिही. मग समतोलात मिसेलचं प्रमाण सुट्या रेणूंच्या संहतीच्या साठाव्या घातावर चालतं. सुट्या रेणूंची संहती फक्त 10 टक्क्यांनी कमी कर, म्हणजे 0.9 चा साठावा घात काढ. उत्तर येतं साधारण 0.0018. म्हणजे संहती दहा टक्के उतरली की मिसेल साडेपाचशे पटींनी कमी होतात! उलट बाजूने पाहिलंस तर सुट्यांची संहती एका पातळीच्या वर जाऊच शकत नाही. तुझ्या रसायनासाठी 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात ती पातळी 8.2 मिलीमोलर, म्हणजे लिटरला सुमारे 2.4 ग्रॅम. त्यापुढे टाकलेला जवळपास प्रत्येक रेणू मिसेलमध्ये जातो. 20 मिलीमोलर द्रावणात ढोबळमानाने 8 सुटे, बाकीचे 12 मिसेलमध्ये, आणि एका मिसेलमध्ये साठेक रेणू, म्हणजे मिसेलची स्वतःची संहती फक्त 0.2 मिलीमोलर. हे रेणू तिथे कायमचे बसून राहत नाहीत. मायक्रोसेकंदांच्या हिशोबात एखादा बाहेर पडतो, दुसरा आत शिरतो. पण सरासरी हिशोब तसाच राहतो.

साठच का, दोनशे का नाहीत, याचंही गणित हातात मावेल एवढं आहे. बारा कार्बनची शेपटी पूर्ण ताणली तर सुमारे 1.67 नॅनोमीटर लांब होते. गोल मिसेलची त्रिज्या याहून मोठी करता येत नाही, नाही तर मध्यभागी पोकळी राहील. त्या त्रिज्येच्या गोलाचं आकारमान 19.5 घन नॅनोमीटर आणि एका शेपटीचं 0.35. भागाकार कर, 56 येतात. प्रयोगातून मिळणारा आकडा साठ-बासष्टच्या आसपास आहे, कारण मिसेल अगदी काटेकोर गोल नसतो. नागपूरच्या मुलांना मी हे संत्र्यावर शिकवायचो. फोड बाहेरून रुंद आणि आत निमुळती, म्हणून फोडी जुळल्या की गोल होतो. इथे ढकलणारी डोकी बाहेर जागा मागतात, शेपटी एकेरी आणि सडपातळ, म्हणून पाचर तयार होते. फक्त एवढं ध्यानात ठेव, की संत्र्याच्या फोडी नीट रांगेत असतात, मिसेलच्या आत मात्र शेपट्या वाकड्यातिकड्या, द्रव तेलासारख्या असतात. टाचणीच्या गादीत टाचण्या खोचाव्यात तसं सरळ रेषांचं चित्र काढतात, ते सोयीसाठी. मॅकबेन यांनी 1913 मध्ये साबणाच्या द्रावणांत असे गठ्ठे असतात ही कल्पना मांडली, आणि ती मांडायला त्यांना भाग पाडलं ते वाहकतेच्याच विचित्र आकड्यांनी. गोल आणि आतून द्रवासारख्या मिसेलचं वर्णन 1936 मध्ये हार्टली यांनी केलं.

आता तुझा आलेख. गुडघ्याच्या आधी दर मिलीमोलरला एक मिलीमोल सोडियम आणि एक मिलीमोल लॉरिल सल्फेट आयन पाण्यात येतात, दोघेही वीज वाहतात, रेषा सरळ वर जाते. गुडघ्यानंतर नवे रेणू मिसेलमध्ये जातात. साठ ऋण डोकी एका गोळ्यावर दाटली की ती सोडियम आयनांना ओढून जवळ धरतात, ढोबळमानाने तीनपैकी दोन तरी. धरून ठेवलेला सोडियम मिसेलसोबतच सरकतो, त्याच्या वाट्याची वीज तो वाहत नाही. म्हणून चढ कमी होतो. तुझे आकडे मी असे वाचले: 1 मिलीमोलरला 70 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर, 2 ला 136, 3 ला 201, 4 ला 265. चढ 65, रेषा अगदी सरळ. वरच्या टोकाला 9 ला 470, 10 ला 498 आणि 14 ला 608, म्हणजे चढ साधारण 27.6. पहिली रेषा मागे नेली तर ती अक्षाला 5 वर भेटते, दुसरी 222 च्या जवळ. दोन्हींच्या छेदासाठी 222 मधून 5 वजा कर आणि चढांच्या फरकाने, 37.4 ने भाग. 5.8. तुझं गणित बरोबर आहे.

कुठे चुकू शकलं असतं ते आधी पाहून घेतलं. 50 मिलि पाण्यात 100 मिलीमोलरचं द्रावण ब्युरेटने घालत गेलीस. अशा वेळी मुलं आकारमान वाढतं हे विसरतात. 4.5 मिलि घातल्यावर संहती 9 नसते, 450 भागिले 54.5, म्हणजे 8.26 असते. पण ही चूक सीएमसी फुगवून दाखवते, कमी नाही. तू दुरुस्ती केली आहेस, हे तुझ्या तक्त्यात दिसतं. पाणी ऊर्ध्वपातित होतं आणि त्याचं वाचन 2 मायक्रोसीमेन्स, तेही ठीक. नळाचं किंवा बोअरचं पाणी असतं तर पहिलं वाचनच शंभरांत गेलं असतं, आणि कॅल्शियमसोबत लॉरिल सल्फेटचा पांढुरका साका बसला असता. तापमान 27 अंश होतं. सीएमसी 25 अंशांच्या आसपास सर्वात कमी असते आणि इकडेतिकडे हळूच वाढते, म्हणून तापमानानेही 5.8 येणार नाही. मे महिन्यात 42 अंशांच्या प्रयोगशाळेत केलं असतंस तरी सीएमसी जराशी वरच सरकली असती. वाहकता मात्र अंशाला दोन टक्क्यांच्या हिशोबाने चढते, म्हणून वाचनं घेत असताना तापमान बदललं तर रेषाच वाकड्या होतात. पाण्याच्या टबात बीकर ठेव.

उरलं रसायन. तू लिहिलं आहेस की विभागातली शुद्ध बाटली संपली होती आणि इतवारीतून आणलेलं शेवयांसारखं पांढरं सोडियम लॉरिल सल्फेट वापरलं. बस, इथेच उत्तर आहे. तो माल शाम्पू आणि पावडरसाठी तयार होतो आणि त्या कामाला उत्तम असतो. पण तो खोबरेल किंवा पाम कर्नेल तेलाच्या अल्कोहोलपासून बनतो आणि तेलात एकाच लांबीच्या शेपट्या नसतात. बाराबरोबर चौदा कार्बनची शेपटी येतेच. शेपटीत एक कार्बन वाढला की अशा प्रभारी रेणूंची सीएमसी जवळपास निम्मी होते, कारण तेवढं जास्त पाणी मोकळं होण्याचा फायदा मिळतो. म्हणून दोन कार्बन वाढले की पावपट : बाराची 8.2, चौदाची सुमारे 2.1.

मिश्रणाचा हिशोब करू. शंभर रेणूंत 85 बाराचे आणि 15 चौदाचे धर. दोघेही एकाच मिसेलमध्ये बिनतक्रार मिसळतात, कारण डोकी सारखीच आणि शेपट्याही त्याच जातीच्या. अशा मिश्रणात सीएमसीच्या व्यस्तांची बेरीज चालते: 0.85 भागिले 8.2, अधिक 0.15 भागिले 2.1. पहिलं 0.104, दुसरं 0.071, बेरीज 0.175, आणि तिचा व्यस्त 5.7. तुझ्या 5.8 च्या इतकं जवळ! म्हणजे सातापैकी एक रेणू लांब शेपटीचा असला तरी सगळी दरी भरून निघते. तुझ्या मालात नेमका एवढाच आहे असं मी म्हणत नाही, बाकीचेही भागीदार आहेत. पण मुख्य हात याचाच.

कोपरा गोल का आला, तेही यातूनच कळतं. लांब शेपटीवाले आधी आडोसा शोधतात. पहिले मिसेल तयार होतात ते चौदाने भरलेले. मग जसजसं द्रावण तीव्र होतं तसतसे बाराचे त्यांत शिरत जातात आणि मिसेलची घडण बदलत राहते. एकाच क्षणी दार उघडण्याऐवजी ते हळूहळू उघडतं. तुझ्या 5, 6 आणि 7 मिलीमोलरच्या बिंदूंवर बघ, 322, 370, 410. तिन्ही दोन्ही रेषांच्या खाली आहेत. शुद्ध मालात हा वळणाचा पट्टा खूप अरुंद असतो. म्हणून मी नेहमी सांगतो, सीएमसीचा आकडा द्यायच्या आधी कोपरा किती रुंद आहे ते बघा. रुंद कोपऱ्यातून काढलेला एक आकडा निरर्थक नसतो, पण तो शुद्ध रेणूचा आकडा नसतो.

दुसरा भागीदार मीठ. अशा मालात थोडं सोडियम सल्फेट राहतं. जादा सोडियम पाण्यात आला की डोक्यांमधलं ढकलणं झाकलं जातं आणि मिसेल लवकर परवडतात. परिणाम मोठा असू शकतो: लिटरला 0.1 मोल साधं मीठ घातलं की 8.2 ची सीएमसी सुमारे 1.4 वर येते. पण तुझ्या बाबतीत मी त्याला फार दोष देणार नाही. मालात पाच टक्के सोडियम सल्फेट धरलं, तरी तुझ्या संहतीला जादा सोडियम जेमतेम 1.2 मिलीमोलर होतो, आणि त्याने सीएमसी 8.2 वरून 7.7 च्या आसपास येईल, 5.8 वर नाही. मुलांना हे सांगताना मी भर देतो, कारण 'मीठ असेल' हे उत्तर तोंडावर असतं आणि ते आकड्यांत तपासलं जात नाही. तिसरा भागीदार म्हणजे सल्फेट न झालेलं मोकळं लॉरिल अल्कोहोल. त्याला प्रभार नाही, ते डोक्यांच्या मधे घुसून ढकलणं कमी करतं आणि सीएमसी खाली आणतं. वाहकतेत ते चटकन दिसत नाही. पृष्ठताणात दिसतं: शुद्ध मालाचा पृष्ठताण सीएमसीपर्यंत उतरून तिथेच थांबतो, अल्कोहोल असलं तर आधी खोल खड्डा पडतो आणि मग वर चढून स्थिर होतो, कारण मिसेल तयार झाले की ते अल्कोहोल पृष्ठभागावरून आपल्या गाभ्यात ओढून घेतात. थेंब मोजायचा स्टॅलॅग्मोमीटर विभागात असेल, त्यावर हा खड्डा पाहता येतो. जुनं, ओलसर राहिलेलं शुद्ध रसायनही कालांतराने थोडं विघटित होऊन हेच अल्कोहोल देतं, म्हणून बाटली कोरडी ठेवावी.

आता काय करायचं ते. 99 टक्क्यांची छोटी बाटली मागव, 25 ग्रॅमची पुरते, आणि तोच प्रयोग त्याच पाण्यात, त्याच मीटरवर कर. 100 मिलीमोलरसाठी 2.884 ग्रॅम 100 मिलिच्या फ्लास्कमध्ये घे. हलवू नकोस, फेस होतो आणि खुणेवर पाणी आलंय की फेस ते कळत नाही. थोडं पाणी घालून तासभर ठेव, हळूच फिरव, फेस बसला की खुणेपर्यंत भर. 0.5 मिलिच्या टप्प्यांनी जा, पण 6 ते 10 मिलीमोलरच्या मधे टप्पा 0.2 मिलि ठेव. तिथेच माहिती आहे. 8 च्या आसपास टोकदार कोपरा आला, तर तुझा पहिला आलेखही बरोबर होता हे सिद्ध झालं. वहीत दोन्ही शेजारी काढ. माझ्या हातात गुण असते तर अशा वहीला मी जास्त दिले असते.

एक गोष्ट नागपूरच्या हवेची. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत सकाळी करशील, तर रात्री खिडकीत राहिलेल्या तुझ्या द्रावणात चकचकीत सुया दिसतील. त्याला अशुद्धी समजू नकोस. या रसायनासाठी साधारण 16 अंशांखाली मिसेलच बनत नाहीत. तेवढ्या थंडीत पाण्यात सुटा विरघळणारा भाग सीएमसीपेक्षा कमी असतो, मग वरचा सगळा रेणू मिसेलऐवजी स्फटिक होऊन बसतो. हे तापमान ओलांडलं की स्फटिक वितळल्यासारखे नाहीसे होतात. हिंगणा एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात मी कामाला होतो तेव्हा हिवाळ्याच्या एका सकाळी हातधुण्याच्या द्रवाची पूर्ण टाकी दुधासारखी गढूळ झाली. माल बिघडला म्हणून ओतून द्यायची तयारी चालली होती. मी एक बादली काढून उन्हात ठेवायला लावली. अकराच्या सुमारास ती आरपार झाली. पुढच्या हिवाळ्यापासून सूत्रात शेपटीच्या मुळाशी इथॉक्सी साखळी असलेला जातभाई घातला, ज्याला ही थंडी बाधत नाही. तू फक्त एवढं कर: सुया दिसल्या तर बाटली कोमट पाण्यात ठेव, पूर्ण निवळू दे, 25 अंशांवर आण, आणि मगच ब्युरेट भर. सुया तळाशी ठेवून फक्त वरचं पाणी ब्युरेटमध्ये घेतलंस तर त्याची संहती 100 नसते, कमी असते, आणि मग आलेखाचा गुडघा 8 च्या कितीतरी पुढे सरकलेला दिसेल.